एका सौद्याच्या दोन तारा

आमच्या माहेरी जावयाला कुणी प्रश्न विचारत नसे. जावई जेवायला बसला की त्याच्या पानात काय हवं ते आपण ओळखायचं, तो निघाला की कुठे म्हणायचं नाही, आणि तो चुकला की आपण दुसरीकडे बघायचं. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं माझी आई हसत हसत म्हणायची. बाकीच्या नवांची निदान शांत तरी करता येते, असं मी तिला लग्नानंतर वर्षभराने म्हटलं, तेव्हा तिने माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

माहेर चामोर्शीचं. बाबांचा धान्याचा आणि जवसाचा व्यापार होता, आणि गावातल्याच एका भात गिरणीत त्यांची पाती, म्हणजे भागी, होती. सासर चंद्रपूरचं, तेव्हा चांदाच म्हणायचे. सासऱ्यांची अडत. घराच्या पुढच्या खोलीत गादी, मागे आम्ही बायका, आणि मध्ये एक दार, जे कधी पूर्ण उघडं नसे आणि पूर्ण लागलेलंही नसे. त्या फटीतून मी जेवढा व्यापार ऐकला तेवढा आमच्या ह्यांनी गादीवर बसून ऐकला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. हे मी आज लिहिते. तेव्हा असं मनात आणायचीही लाज वाटे.

पौषात बाबा आले ते मुद्दाम. चामोर्शीहून गाडीने नदीपर्यंत, डोंग्यातून पलीकडे, मग मूल गावाहून रेल्वेने. नागपूरच्या एका तेलगिरणीला त्यांनी जवस द्यायचा शब्द दिला होता. पीक शेतात उभं होतं, भाव आधीच ठरलेला होता, आणि माल सुगीनंतर पोचवायचा होता. आता मधल्या काळात जवस महागला, तर बाबांना शेतकऱ्यांकडून चढ्या भावाने घेऊन गिरणीला जुन्या भावाने द्यावा लागणार. त्यासाठी त्यांना मुंबईच्या बाजारात तेजी घ्यायची होती.

तेजी म्हणजे काय, हे मला लहानपणीच कळलं होतं. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून ते जेवताना मलाच सांगत. तीसची तेजी घेतली म्हणजे, वायद्याच्या दिवशी भाव काहीही असो, तीस रुपयांनी घेण्याचा हक्क आपला. भाव पस्तीस झाला तर वरचे पाच आपल्याला मिळतात. भाव चढलाच नाही, तर हक्कासाठी दिलेला नजराणा तेवढा बुडतो. आणि जो तेजी विकतो त्याचं बरोबर उलट. त्याला नजराणा आधी हातात मिळतो, पण भाव चढला की वरचं सगळं त्याच्या अंगावर येतं आणि त्याला काही सीमा नाही. पुढे सरकारने हे सगळं बंद केलं. तेव्हाही ते उघड चालायचं की डोळेझाक होत होती, मला सांगता येणार नाही. चांद्यात तरी त्याची चोरी नव्हती.

भाव अठ्ठाविसाच्या आसपास होता. तीसची तेजी महाग पडत होती, म्हणून बाबांनी जोड लावायचं ठरवलं होतं. तीसची घ्यायची आणि तेहतीसची विकायची. विकलेलीचा नजराणा येईल, त्यातून घेतलेलीचा खर्च थोडा भागेल. भाव तेहतिसापर्यंत गेला तर तीन रुपयांचं संरक्षण. त्यापुढे गेला तर जे तेहतीसच्यात द्यायचं ते तीसच्यातून मिळेल. म्हणजे विकलेलीच्या पाठीशी घेतलेली उभी. सासऱ्यांच्या ओळखीचा दलाल मुंबईत होता, आणि तार चांद्याहूनच जायची. तार करण्याचं काम आमच्या ह्यांच्याकडे असे.

बाबा गादीच्या कडेला बसून बोलत होते. मी दाराशी तांदूळ निवडत होते.

"जवाईबापू, दोनी एकाच तारीत लिवा," बाबा म्हणाले. "तीसची घ्याची, तेहतीसची विकाची. दोघीच्या नजराण्यात फरक एक रुपयावर जाऊ द्याचा नाई. जमलं तं दोनी संगच, नाई तं एकबी नाई. असं साफ लिवा."

"हो मामाजी," हे म्हणाले. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात.

"आधी एक, मंग दुसरी, असं नाई. मधात भाव हालला तं एक पाय इकडे अन् एक तिकडे रायते."

"समजलं ना मामाजी. तुमी फिकर नोका करू."

बाबांनी ते आणखी एकदा सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत, आणि मग स्वतःच ओशाळून हसले. जावयाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं म्हणजे त्याच्या अकलेवर शंका घेणं. दुसऱ्या कुणाला, अगदी सख्ख्या भावाला सांगत असते, तर बाबांनी समोर बसवून तार लिहून घेतली असती आणि वाचून दाखव म्हटलं असतं. इथे त्यांनी पैसे पुढे सरकवले आणि ते उठले. मला अजून मूल नव्हतं, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांनी माझ्या घरचं पाणीही घेतलं नाही. जाताना दाराकडे बघून, "येतो व माय," एवढं म्हणाले.

तार लगेच गेली नाही. भाव मंदीकडे होता, हे म्हणाले, जरा थांबू. मग माघ लागला. एक दिवस सकाळीच हे तारघरात जाऊन आले आणि दुपारी उत्तर आलं. हे खुशीत होते. सासऱ्यांना म्हणाले, "तेहतीसची विकून टाकली. मस्त नजराणा भेटला."

"अन् तीसची?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिची तार संध्याकाळी करतो. भाव अजून उतरून राह्यला. उतरू द्या, सस्ती भेटते. एका तारीत दोनी लिवले की दलाल दोघीवर आपलं काढून घेते. फरक मंग एका रुपयाचा व्हते. अलग अलग केलं तं बारा आण्यात पडते पाहा."

सासरे हुशार माणूस, पण मुलाच्या बाबतीत आंधळे. ते हिशोब करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पाहाजो बापू."

दुपारी हे जेवायला आत आले तेव्हा मी वाढता वाढता म्हटलं, "बाबा तर दोन्ही संगच म्हणत होते."

"तुले काय समजते त्यातलं?" हे म्हणाले. रागाने नाही, लाडानेच म्हणाले, आणि आणखी भात मागितला. मी भात वाढला. सासूबाई चुलीजवळून माझ्याकडे पाहत होत्या. जास्त शिकलेल्या सुनेचं आमच्या घरात कौतुक असलं तरी ते बाहेरच्यांपुढे करायचं असे.

भाव हे म्हणत होते तसा उतरत होता, हेही खरं. म्हणूनच मला कधी कधी वाटतं, देवाला थट्टेची फार हौस असावी. संध्याकाळी ह्यांनी तीसची घेण्याची तार केली आणि तिच्यात वरची मर्यादा घातली. इतक्या नजराण्यापर्यंतच घ्यावी, त्यावर नाही. त्याच संध्याकाळी वर्धेकडे गारपीट झाली. फुलावरचा जवस झोडपून निघाला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तो दोन-अडीच रुपये चढून, आणि तीसची तेजी ह्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर निघून गेली होती. दलालाची तार आली. घेण्याचा सौदा झाला नाही. विकण्याचा कालच झालेला आहे. पुढे काय करावे?

दोन्हींची एकच तार असती तर त्या दलालाने दोन्ही एकदम केले असते किंवा दोन्ही सोडून दिले असते. सोडले असते तरी बाबांचं फार बिघडत नव्हतं, तारेआधी होते तिथेच ते राहिले असते. आता मात्र गिरणीला जवस द्यायचा शब्द डोक्यावर, आणि त्याच्या वर तेहतीसची विकलेली तेजी, तिच्या पाठीशी काही नाही. भाव चढला की दोन्हीकडून मार. भिजू नये म्हणून छत्री घ्यायला पाठवावं आणि माणसाने घरावरची कौलंही विकून यावं, तसं झालं होतं.

त्या दिवशीही वाट होती. महाग तर महाग, तीसची घ्यायची. किंवा तोटा सोसून तेहतीसची परत घेऊन मोकळं व्हायचं. सासऱ्यांनी तसं सुचवलंही. पण हे म्हणाले, गारपिटीची बातमी दोन दिवसांची, भाव खाली येतो. आला नाही. प्रत्येक दिवशी कालचा महाग भाव आज स्वस्त वाटायचा, आणि कालच घेतला असता तर, असं म्हणत आजचाही जायचा. हे जेवेनासे झाले. मला त्यांची कीव यायची आणि त्याच घासाला संतापही यायचा. रात्री पाठ करून निजलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

बाबांना कुणी कळवलं नाही. बाबा निश्चिंत होते. गारपिटीचं ऐकून ते गावात लोकांना म्हणाले होते म्हणे, बरं झालं आपण जोड लावली. हे मला नंतर आईने सांगितलं, आणि ऐकताना मला तिच्यासमोर बसवेना.

वायद्याच्या दिवशी भाव सदतीसला टेकला. तेहतीसच्या वरचे सगळे बाबांना भरायचे होते. तीसची हातात असती तर सात यायचे होते, त्यातून चार द्यायचे होते आणि तीन उरून जवस खरेदीला हातभार लागायचा होता. आता येणार काही नव्हतं. आणि जवसही सदतीसच्याच भावाने घ्यायचा होता. तेल गेलं, तूप गेलं म्हणतात, पण आमच्या हाती धुपाटणंही उरलं नाही.

बाबा आले. या वेळी सासऱ्यांनीच बोलावलं होतं, आणि तेहतीसची विकली पण तीसची घेतलीच नाही, एवढं निरोपातच कळवलं होतं. गादीवर तिघे बसले होते. मी दाराच्या मागे होते आणि माझ्या मागे सासूबाई होत्या. सासरे घसा साफ करत होते, पण त्यांना सुरुवात सापडत नव्हती. हे मान खाली घालून बसले होते. मी मनात म्हणत होते, बोला. एकदा म्हणा, माझं चुकलं. ह्यांनी तोंड उघडलं, "मामाजी, मी..."

आणि बाबांनी हात जोडले.

"जवाईबापू, माहीच चूक झाली," ते म्हणाले. "मी तुमाले साफ सांगाले पायजे होतं. म्हातारपणी बोलनं अर्धं पोटात रायते. तुमाले उगी तकलीप झाली."

सासऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला दाराआड ऐकू आला. ते लगेच म्हणाले, व्यापारात असं होतंच, व्याही, आपण दोघे मिळून काहीतरी करू. काहीतरी केलंही त्यांनी, आपल्या वाट्याची दलाली घेतली नाही. ह्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. सासूबाई माझ्या कानाजवळ म्हणाल्या, "पाहा, तुहा बाप किती समजदार आहे." त्या शब्दांनी मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही. माझ्या बापाने माझ्यासाठी खोटं बोलून हात जोडले होते आणि मी त्याची लेक म्हणून शाबासकी घेत उभी होते.

भात गिरणीतली पाती गेली. नागपूरच्या गिरणीला जवस शब्दाप्रमाणे पोचला, दलालाचा फरकही पोचला. बाबांनी स्वतःचा व्यापार आवरला आणि ज्या भात गिरणीत ते मालकाच्या बाकावर बसत तिथेच दिवाणजी म्हणून लागले. लोक अजून शेटजीच म्हणायचे. त्याचा बाबांना जास्त त्रास होत असणार, असं मला वाटे. मी माहेरी गेले की गिरणीच्या रस्त्याने जात नसे. कुणी भेटलं आणि विचारलं, तुया बापाचं असं कसं झालं व, तर मी म्हणे, गारपीट. गारांवर ढकललं की कुणाचं नाव येत नाही.

चांद्यात मात्र हळूहळू वेगळीच गोष्ट रुजली. बाबांनी दिलेली गोष्ट सासऱ्यांनी चार लोकांत सांगितली. व्याह्याने नीट सांगितलं नव्हतं, पोराने काय करावं. मग पाचव्यांनी सहाव्यांना. मग एक दिवस ह्यांच्याच तोंडून ऐकली, एका पाहुण्यासमोर. खाली बघून म्हणाले, पण म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ आमची होती आणि सव्वा लाख बाबांचे गेले होते. मी त्या दिवसापासून ह्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. नवऱ्याची लाज वाटणं ही मोठी एकटी गोष्ट आहे. ती आईला सांगता येत नाही, सासूला तर नाहीच.

पुढे धोंड्याचा महिना आला. अधिक मासात जावयाला बोलावून अनारसे वाढायचे, वाण द्यायचं, हे आमच्याकडे चुकत नाही. वेळ आली असती तर आईने कर्जही काढलं असतं; चांदीचं ताट तिने शेजारून मागून आणलंच. ह्यांना पाटावर बसवलं. बाबा गिरणीतून आले होते, अंगरख्यावर कोंडा होता, तो झटकून समोर बसले. जावयाचं जेवण झाल्याशिवाय ते जेवणार नव्हते. मी वाढत होते.

शेजारचे एक भाऊ आले होते, बोलके. ते म्हणाले, "शेटजीनं त्या टायमाले जवसात हात नसता घातला तं आज हे दिवस नसते आले."

"माह्याच चुकीनं झालं," बाबा म्हणाले. त्यांना ते आता पाठच झालं होतं. "जवाईबापूले मी बराबर सांगतलं नव्हतं."

हे अनारशाचा तुकडा मोडत राहिले. मला काय झालं कुणास ठाऊक. कढत तुपाची वाटी माझ्या हातात होती, आणि मी ती खाली ठेवली.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मी दाराशी होते."

शेजारच्या भाऊंना अचानक घरचं काम आठवलं आणि ते गेले. आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या डोळ्यांत पाहू शकले नाही. "चूप राय," ते म्हणाले. त्यांनी मला तोवर कधी चूप म्हटलं नव्हतं. "पानावर बसलेल्या माणसापुढे अशी बोलते तू?" मग ते ह्यांच्याकडे वळून हात जोडायला लागले. मला वाटलं, हे आता ताटावरून उठतील. उठले असते तर तो डाग आमच्या घरावर कायमचा राहिला असता, आणि तो मी लावलेला असता.

हे उठले नाहीत. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले आणि खाली केले.

"नोका जोडू मामाजी," हे म्हणाले. "ही खरं बोलते. तुमी साफ सांगतलं होतं. मी त्या दिवशी बोलनारच होतो. तुमी मले बोलूच नाई देल्लं. मंग सारेच तसं म्हनाले लागले. मले कोनी एक डावबी नाई इचारलं. ना तुमी, ना हिनं."

बाबांनी आपले हात त्यांच्या हातांतून सोडवले नाहीत. गिरणीचा कोंडा त्यांच्या भुवयांवर होता. मग सासऱ्याने जावयाला कधी विचारू नये ते त्यांनी विचारलं.

"काऊन केलं तसं?"

"सस्त्यात पाडून देतो म्हनलं," हे म्हणाले. "वाटलं, तुमी चामोर्शीत सांगान, माहा जवाई हुशार आहे. तुमी मले कधीच काई म्हनत नव्हते मामाजी. चांगलंबी नाई अन् वाईटबी नाई. नुसते हात जोडत होते."

आईने सवयीने आणखी एक अनारसा ह्यांच्या ताटात ठेवला आणि ती रडायला लागली. बाबांनी आपला पाट ओढला, ह्यांच्या शेजारी मांडला आणि म्हणाले, "वाढ व माय, मलेबी वाढ." मी बाबांचं पान मांडलं. एवढे दिवस ज्या माणसाची मला लाज वाटत होती, त्याच्या अंथरुणाशेजारी मी रोज निजत होते, आणि बाबांनी विचारला तो एक प्रश्न मला सुचला नव्हता. ह्यांनी ताट पुढे केलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकले नाही.